लोकवास्तुकलेवरील शोधनिबंध : समीक्षकांच्या अभिप्रायांना मुद्देसूद उत्तर कसे लिहावे

जर्नलकडून ‘मोठ्या सुधारणांसह पुन्हा पाठवा’ असे पत्र आले की नवखा लेखक बहुधा दोहोंपैकी एका टोकाला जातो. एक तर तो समीक्षकांचे प्रत्येक म्हणणे मान्य करून लेखाचा कणाच मोडतो, नाहीतर प्रत्येक आक्षेपाला वकिली थाटाचे उत्तर देतो. लोकवास्तुकलेच्या लेखांत आक्षेप बहुतेक वेळा एकाच जागी येऊन ठेपतात : लेखातला दावा हाती असलेल्या पुराव्यापेक्षा मोठा झालेला असतो. म्हणून चांगल्या उत्तराचे मुख्य काम म्हणजे दावा आणि पुरावा एकमेकांच्या मापात आणणे, आणि ते कोणत्या ओळीत कसे केले हे समीक्षकाला शोधावे न लागता दाखवणे.

ही रीत एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा, लेखाचा विषय उष्ण व कोरड्या प्रदेशातल्या एका वस्तीतील चौक असलेल्या चार घरांचा आहे. भिंती ४५ सेंमी जाडीच्या, कच्च्या मातीच्या विटांच्या आहेत आणि छत लाकडी तुळयांवर माती घालून केलेले सपाट धाबे आहे. लेखकाने उन्हाळ्यात तीन आठवडे घराच्या आत-बाहेर तापमानाची नोंद केली आणि निष्कर्ष काढला, की जाड भिंती व चौक यांमुळे ही घरे वर्षभर हवामानाला अनुकूल राहतात. चारांपैकी सर्वांत जुने घर १८२० च्या सुमाराचे आहे, असेही लेखात म्हटले आहे. पहिला समीक्षक इमारतींच्या उष्णताविज्ञानातला आहे आणि दुसरा वास्तू-इतिहासातला.

आधी अभिप्राय सुटे करावेत

समीक्षकांचे पत्र जसे आले तसे एका नव्या फायलीत उतरवून घ्यावे. त्यातला एकही शब्द बदलू नये, गाळू नये, कारण संपादक मूळ पत्राशी ताडून पाहतो आणि एखादे अडचणीचे वाक्य गायब झालेले दिसले तर उरलेल्या उत्तरांवरचाही विश्वास कमी होतो. त्यानंतर प्रत्येक परिच्छेद फोडावा. पहिल्या समीक्षकाने असे लिहिले आहे असे समजू : “मोजमाप केवळ उन्हाळ्यातले दिसते, घरे कशी निवडली याचा उल्लेख नाही, आणि थंडाव्याचे सगळे श्रेय भिंतींना देणे घाईचे वाटते.” वाक्य एक असले तरी आक्षेप तीन आहेत. त्यांना १.१, १.२ आणि १.३ असे क्रमांक द्यावेत. असे सुटे केले नाही तर लेखक सोप्या भागाला उत्तर देतो, अवघड भाग निसटतो, आणि पुढच्या फेरीत तोच भाग जास्त कडक शब्दांत परत येतो.

क्रमांक पडले की उत्तरे लिहायला बसू नये. आधी लेखात सुधारणा कराव्यात, मग उत्तरपत्र लिहावे. हा क्रम उलटा झाला तर उत्तरपत्रात ‘याचा विस्तार करू’, ‘हे स्पष्ट करू’ अशी भविष्यकाळी वाक्ये येतात, आणि समीक्षकाला तर झालेला बदल हवा असतो. उत्तरातील क्रियापदे शक्यतो भूतकाळी असावीत : जोडले, काढले, पुन्हा मोजले, अमुक ओळींत बदलले.

मोजमापावरचा आक्षेप : सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा

आक्षेप १.३ कडे पाहू. समीक्षकाने पुढे असेही लिहिले आहे : “तुमच्या आलेखात बाहेरचे कमाल तापमान दुपारी तीनला आणि खोलीतले संध्याकाळी सहाला दिसते. इतक्या जाड भिंतीतून उष्णता तीन तासांत आत येईल का?”

हा प्रश्न वरवर खोचक वाटतो, पण लेख वाचवणारा तोच आहे. मातीच्या भिंतीत दिवस-रात्रीची उष्णता लाटेसारखी आत सरकते, आणि सरकताना ती उशिरा पोहोचते व क्षीणही होते. मातीच्या विटांचे नेहमीचे गुणधर्म धरून हिशेब केला, तर ४५ सेंमी भिंतीतून ही लाट आतल्या पृष्ठभागापर्यंत यायला बारा तासांहून अधिक वेळ लागतो, आणि पोहोचते तेव्हा तिचा जोर जवळजवळ संपलेला असतो. मग संध्याकाळी सहाचा खोलीतला उच्चांक भिंतीतून आलेला असणे शक्य नाही. ती उष्णता उघड्या दारातून येणाऱ्या हवेबरोबर किंवा छतातून आलेली असणार.

अशा वेळी ‘भिंतींचा परिणाम सर्वज्ञात आहे’ एवढे म्हणून दोन संदर्भ जोडणे हे सर्वांत वाईट उत्तर ठरते. त्याऐवजी आपल्याच नोंदी पुन्हा उघडाव्यात. बाहेरचे तापमान दिवसभरात २६ ते ४१ अंश सेल्सिअस, म्हणजे १५ अंशांनी हलले, तर खोलीतले ३० ते ३३.५, म्हणजे साडेतीन अंशांनीच हलले. याचा अर्थ भिंतींचे काम खरेच आहे, फक्त ते लेखात सांगितले त्याहून वेगळे आहे. भिंतीचा आतला थर खोलीतल्या हवेची उष्णता शोषून घेतो आणि चढउतार दाबून ठेवतो, मात्र उच्चांक कधी यावा हे दारांची उघडझाप आणि छत ठरवतात. दारे दुपारी किती वेळ उघडी होती याची टिपणे लेखकाजवळ असतील तर तो पुरावा आधीच हातात आहे. नसतील तर तेवढी मर्यादा लिहून टाकावी.

आता उत्तर असे लिहिता येईल :

“समीक्षकांचे निरीक्षण योग्य आहे आणि त्यामुळे आम्हाला आमच्या विवेचनाची दिशा बदलावी लागली. ४५ सेंमी मातीच्या भिंतीतून दैनंदिन उष्णता-लाट आत येण्यास बारा तासांहून अधिक वेळ लागतो, हे आम्ही हिशेबाने पडताळले. आमच्या नोंदींत मात्र आतील कमाल तापमान बाहेरच्या कमाल तापमानानंतर तीन तासांनीच येते. त्यामुळे हा विलंब भिंतींमुळे होतो हे विधान आम्ही काढून टाकले आहे. आतील तापमानाचा दैनंदिन फरक ३.५ अंश आणि बाहेरील १५ अंश आहे, या नोंदीवरून भिंतींच्या आतल्या थराचा वाटा चढउतार कमी करण्याचा आहे, एवढाच निष्कर्ष आता मांडला आहे. हवेच्या अदलाबदलीचा आणि छताचा वाटा आम्ही स्वतंत्रपणे मोजलेला नाही, ही मर्यादा ओळी २१४ ते २२१ मध्ये नोंदवली आहे.”

या उत्तरात आधी मान्य केलेले, मग तपासलेले, मग काढलेले आणि शेवटी न कळलेले असे सगळे सांगितले आहे. समीक्षकाला स्वतः हिशेब करून पाहता येईल इतके आकडे दिले आहेत. नम्रता शब्दांत कमी आणि कामात जास्त आहे, आणि माझ्या मते शास्त्रीय पत्रव्यवहारात नम्रतेचे प्रमाण असेच असावे.

याच समीक्षकाने यंत्रे कुठे ठेवली होती हेही विचारले, तर ‘खोलीच्या मध्यभागी’ एवढे पुरत नाही. जमिनीपासूनची उंची, भिंतीपासूनचे अंतर, थेट ऊन किंवा चुलीची धग लागत होती का, नोंद किती मिनिटांनी होत होती आणि यंत्राची अचूकता किती, इतके सांगावे. बसलेल्या माणसाच्या डोक्याची उंची म्हणून १.१ मीटर ही उंची या क्षेत्रात सर्रास घेतली जाते. आपली वेगळी असेल तर ती का, हे एका वाक्यात लिहावे. बाहेरचे यंत्र सावलीत आणि वारा खेळेल अशा आडोशात होते की नाही हे अनेक लेखांत सांगायचे राहून जाते. ते उन्हात असेल तर बाहेरचा आकडा फुगतो आणि घर आहे त्याहून थंड भासते. समीक्षक हा प्रश्न विचारतो तो त्यासाठीच.

जे आता करता येणार नाही, त्याचे काय

आक्षेप १.१ मध्ये हिवाळ्यातल्या नोंदी मागितल्या आहेत. सुधारणांची मुदत साधारण दोन-तीन महिन्यांची असते आणि हिवाळा काही मुदत पाहून येत नाही. अशा वेळी असमर्थतेची लांबलचक कारणे देऊ नयेत. दावा उन्हाळ्यापुरता करावा आणि तसे सांगावे : “हिवाळ्यातील मोजमाप या अभ्यासात झालेले नाही. त्यामुळे ‘वर्षभर’ हा उल्लेख शीर्षक, सारांश आणि निष्कर्ष या तिन्ही ठिकाणांहून काढला असून सर्व विधाने मोजमापाच्या कालावधीपुरती मर्यादित केली आहेत.”

यात ‘तिन्ही ठिकाणांहून’ हे महत्त्वाचे आहे. लेखाच्या पोटात दुरुस्ती होते आणि सारांशात जुना दावा तसाच राहतो, हा प्रकार फार आढळतो. समीक्षक दुसऱ्या वाचनात बहुधा सारांशापासून सुरुवात करतो, त्यामुळे तिथे ‘वर्षभर’ दिसले की तुमचे उत्तर खोटे ठरते. फायलीत तो शब्द आणि त्याचे पर्याय शोधून पाहिले तर पाच मिनिटांत हे काम होते.

घरांच्या निवडीबद्दलच्या आक्षेपाला सरळ उत्तर द्यावे. ज्यांनी आत येऊ दिले तीच घरे मोजली असतील तर तसेच लिहावे. लोकवास्तुकलेत घर म्हणजे कुणाचा तरी राहता संसार असतो, त्यामुळे परवानगीवर अवलंबून असलेली निवड कमीपणाची नाही. ती यादृच्छिक निवड असल्यासारखी मांडणे मात्र गैर आहे. वस्तीत अशी एकूण किती घरे होती, किती पाहिली, किती नाकारली गेली, आणि मोजलेली चार इतरांपेक्षा कशी वेगळी आहेत हे लेखात जोडावे. ‘या प्रदेशातील घरे’ असे जिथे जिथे म्हटले असेल तिथे ‘अभ्यासलेली चार घरे’ करावे. घरमालकांची संमती कशी घेतली हेही याच ठिकाणी येते, आणि कुणाचे घर ओळखू येईल असा नेमका पत्ता नकाशावर असेल तर तो काढावा.

घराच्या वयावरचा आक्षेप

दुसरा समीक्षक विचारतो : “१८२० हे साल कशावरून?” लेखकाजवळ आधार आहे तो घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या सात पिढ्यांचा. पिढीला पंचवीस-तीस वर्षे धरून मागे जाणे हा ढोबळ अंदाज आहे, आणि तो एका ठराविक सालाच्या रूपात छापला की खोटी अचूकता तयार होते.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. घराण्याचे त्या जागी असणे आणि आज उभी असलेली इमारत बांधली जाणे यांच्या तारखा एक असतीलच असे नाही. मातीची घरे वारंवार लिंपली, वाढवली आणि पुन्हा बांधली जातात. तुळईच्या लाकडावरून वय काढावे म्हटले तरी जुने लाकूड नव्या घरात वापरण्याची रीत जगात जवळपास सगळीकडे आहे. तुळईला आज ज्यात काहीच बसलेले नाही अशी रिकामी खाच किंवा छिद्र दिसले, तर ते लाकूड आधी दुसऱ्या कुठल्यातरी जोडणीत होते असे समजावे. वृक्षवलयांवरून काळ काढता येतो, पण सालीखालचे शेवटचे वलय शाबूत असेल तरच झाड कोणत्या वर्षी तोडले ते नेमके कळते, आणि झाड तोडल्याचे वर्ष म्हणजे घर बांधल्याचे वर्ष नव्हेच.

लेखकाने छायाचित्रे आणि मोजणीची टिपणे यांकडे परत जावे. दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या न दिसता त्यांच्यामध्ये सरळ उभी फट असेल, तर बहुतेक वेळा एक भाग नंतर जोडलेला असतो. विटांचे माप मध्येच बदलत असेल तर तोही धागा आहे. यावरून साल कळत नाही, पण आधी काय आणि नंतर काय हा क्रम कळतो, आणि अशा लेखाला अनेकदा तेवढाच पुरतो.

उत्तराचा नमुना असा :

“हा मुद्दा आम्ही मान्य करतो. १८२० हे साल कुटुंबीयांच्या मौखिक माहितीवरून काढलेले होते आणि त्याला लेखी अथवा भौतिक आधार नाही. साल काढून टाकून ‘कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार १९ व्या शतकाचा पूर्वार्ध’ असे लिहिले आहे आणि ही माहिती मौखिक असल्याचे स्पष्ट केले आहे. त्याबरोबर भिंतींच्या सांध्यांवरून बांधकामाचे तीन टप्पे दाखवणारे नवे रेखाचित्र (आकृती ५) जोडले आहे. तुळयांपैकी दोन पुनर्वापरातल्या असण्याची शक्यता ओळी १३२ ते १३८ मध्ये नमूद केली आहे.”

मौखिक माहिती पूर्ण काढून टाकण्याचे कारण नाही. लोकवास्तुकलेत पुष्कळदा तोच मुख्य पुरावा असतो. फक्त ती सांगितलेली गोष्ट म्हणून यावी, सिद्ध झालेली तारीख म्हणून येऊ नये.

सिद्धान्ताचा आग्रह आणि संदर्भांची मागणी

याच समीक्षकाचा दुसरा आक्षेप असा, की लेखात घराच्या रूपाचे कारण म्हणून केवळ हवामान घेतले आहे. हा वाद या क्षेत्रात जुना आहे. अमोस रॅपोपोर्ट यांनी १९६९ सालीच घराचे रूप प्रामुख्याने सामाजिक-सांस्कृतिक घटकांतून घडते आणि हवामान, साहित्य व तंत्र हे त्यात फेरफार घडवणारे घटक आहेत, अशी मांडणी केली होती. समीक्षकाला हे आठवते म्हणून त्याने विचारले, आणि उत्तर म्हणून रॅपोपोर्ट यांचे नाव एका कंसात टाकून दिले तर त्याचे समाधान होणार नाही.

उत्तर आपल्या क्षेत्रकामातून यावे. समजा, त्याच हवामानात, त्याच मातीत, शेजारच्या दुसऱ्या समाजाच्या घरांना चौकच नाही. हवामान हे एकच कारण असते तर चौक दोघांकडेही दिसायला हवा होता. ही एक नोंद लेखात आली की आक्षेपाचे वजन मान्य झाले आणि लेखाची मांडणीही सुधारली. त्यासाठी नवे प्रकरण लागत नाही, एक परिच्छेद पुरतो. उत्तरात तसे सांगावे : चौक असण्याचे कारण आम्ही हवामानात शोधलेले नाही, असलेला चौक उन्हाळ्यात कसे काम करतो एवढेच आम्ही मोजले आहे. कारण आणि कार्य यांत केलेला हा फरक लोकवास्तुकलेच्या कितीतरी लेखांना उपयोगी पडेल.

कधीकधी समीक्षक सहा-सात शोधनिबंधांची यादी देऊन ते उद्धृत करा म्हणतो आणि त्यांतले बहुतेक एकाच लेखकाचे निघतात. ते आधी वाचावेत. जे खरोखर लागू आहेत ते घ्यावेत आणि कुठे घेतले ते सांगावे. बाकीच्यांबद्दल लिहावे : “उर्वरित निबंध आर्द्र हवामानातील लाकडी घरांविषयी असून आमच्या प्रश्नाशी त्यांचा थेट संबंध आढळला नाही, म्हणून ते समाविष्ट केलेले नाहीत.” समीक्षकाने केवळ उद्धरणांची संख्या वाढावी म्हणून स्वतःचे लेख सुचवू नयेत, असे प्रकाशन-नीतीच्या ‘कोप’ या समितीच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. पण तो संशय उत्तरपत्रात व्यक्त करू नये. गरज वाटली तर संपादकाला स्वतंत्र पत्रातून एका वाक्यात कळवावे.

दोन समीक्षक परस्परविरोधी बोलतात तेव्हा

पहिला म्हणतो, घरांचे वर्णन कमी करा. दुसरा म्हणतो, प्रत्येक घराचा नकाशा आणि छेद हवा. यावर दोघांना दोन वेगळी उत्तरे देऊन निभावत नाही, कारण बहुतेक ठिकाणी एकाचे उत्तर दुसऱ्याला दिसते आणि संपादकाला तर दोन्ही दिसतात. लेखकाने निर्णय घ्यावा आणि दोन्ही उत्तरांत तोच सांगावा : वर्णनाचा मजकूर निम्मा केला, ती माहिती रेखाचित्रांत नेली, चारही घरांचे नकाशे व एका घराचा छेद लेखात ठेवला आणि उरलेले छेद पूरक सामग्रीत दिले. इथे रेखाचित्रांबद्दल एक बाब लक्षात ठेवावी. नकाशाखाली ‘१:१००’ असे लिहिलेले प्रमाण पान लहान करून छापले की चुकीचे ठरते, म्हणून आलेखी मापपट्टी काढावी आणि उत्तर दिशा दाखवावी.

ठाम असहमतीही नम्रपणे सांगता येते. दुसऱ्या समीक्षकाने ‘कारागिराचे नाव नाही, म्हणजे ही वास्तू अनामिक’ असे वर्गीकरण सुचवले आणि लेखकाला मुलाखतीतून बांधणाऱ्यांची कुटुंबे माहीत असली, तर नमते घेण्याचे कारण नाही. “समीक्षकांच्या सूचनेचा आम्ही विचार केला. मात्र अभ्यासलेल्या चारपैकी तीन घरांच्या बांधणाऱ्यांची माहिती मुलाखतींतून मिळते (ओळी ९० ते ९७), म्हणून ‘अनामिक’ हा शब्द वापरलेला नाही.” असहमतीच्या उत्तरात पुरावा एवढाच असावा. ‘समीक्षकांच्या लक्षात आले नसावे’ किंवा ‘लेखात स्पष्टच म्हटले आहे’ यांसारखी वाक्ये खोडावीत. जाणकार वाचकाला ते स्पष्ट दिसले नसेल तर वाक्यच दुरुस्त करायला हवे. आभार पत्राच्या सुरुवातीला एकदा मानावेत. प्रत्येक उत्तरापुढे ‘अत्यंत मौलिक सूचनेबद्दल ऋणी आहोत’ लिहिले की वाचणारा कंटाळतो आणि खरे उत्तर शोधत बसतो.

पाठवण्यापूर्वी

उत्तरपत्रात समीक्षकाचा मजकूर एका ठशात आणि आपले उत्तर दुसऱ्या ठशात ठेवावे. केवळ रंगावर विसंबू नये, कारण काही जण पत्र काळ्या-पांढऱ्यात छापून वाचतात. बदललेला मजकूर लहान असेल तर तो उत्तरातच पूर्ण द्यावा. ओळ क्रमांक बदल दाखवणाऱ्या प्रतीतले की स्वच्छ प्रतीतले, हे वरच एकदा सांगावे आणि सगळ्यात शेवटी, मजकूर गोठल्यावरच भरावेत.

समीक्षा दोन्ही बाजूंनी अनामिक असेल तर लोकवास्तुकलेच्या लेखात एक खास धोका असतो. लेखकाचे नाव पहिल्या पानावरून काढलेले असते, पण नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ‘मोजणी व रेखन’ याखाली ते तसेच राहते. छायाचित्रांच्या फायलींच्या नावांत, फायलीच्या गुणधर्मांत आणि ‘आमच्या पूर्वीच्या सर्वेक्षणात’ अशा वाक्यांतही ते राहते. उत्तरपत्रालाही हाच नियम लागू आहे.

मुदत पुरणार नसेल तर ती संपायच्या आधी संपादकाला लिहावे आणि नेमके कारण व नवी तारीख द्यावी, जसे की छेद काढण्यासाठी दोन घरांची पुन्हा मोजणी करायची आहे. अशी विनंती सहसा मान्य होते. मुदत उलटून गेल्यावर मात्र काही जर्नलांच्या प्रणालीत तोच लेख नवा म्हणून दाखल करावा लागतो, आणि मग तो त्याच समीक्षकांकडे जाईल याची खात्री राहत नाही.